मयूरपंख चादरीसाठी आगाऊ पैसे भरलेल्या 143 जणांना खुले पत्र

सोलापूर, डिसेंबर 2025

सप्रेम नमस्कार,

हे पत्र तुम्हाला मागच्या वर्षीच्या डिसेंबरातच मिळायला हवं होतं. तेव्हा पैसे परत केल्याचा दोन ओळींचा निरोप तेवढा गेला. मोहीम का फसली हे विचारणाऱ्यांना आम्ही "हिशेब करून कळवतो" असं सांगत राहिलो. हिशेब खरंच चालू होता. पण तो जसजसा उलगडत गेला तसतसं तो तुमच्यासमोर ठेवायची लाज वाटत गेली, हेही तितकंच खरं आहे. वर्ष लागलं, त्याबद्दल आधी माफी मागते.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका जुन्या कारखान्यात नक्षीच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालणारे दोन जॅकार्ड माग अजून शाबूत आहेत. त्यांच्यावर शुद्ध सुती, 60 बाय 90 इंची, 1300 ग्रॅम वजनाची मयूरपंख चादर विणायची आणि तिचे पैसे लोकांकडून आधीच जमवायचे, अशी आम्हा सहा जणांची योजना होती. चादरीची किंमत घरपोच 1150 रुपये ठरवली. लक्ष्य 300 चादरींचं, म्हणजे 3 लाख 45 हजारांचं होतं. लक्ष्य पूर्ण झालं तरच पैसे आमच्याकडे येणार, एक रुपया कमी पडला तरी सगळे परत जाणार, ही अट आम्ही जाणूनबुजून निवडली होती. 2024 च्या घटस्थापनेला, 3 ऑक्टोबरला मोहीम सुरू झाली आणि 30 दिवसांनी लक्ष्मीपूजनाच्या रात्री संपली. तोवर 184 चादरींचे 2 लाख 11 हजार 600 रुपये जमले होते. अट पुरी झाली नाही, पैसे परत गेले.

तेव्हा आमची समजूत अशी होती की 116 चादरी कमी पडल्या, प्रसिद्धी अपुरी झाली, आणखी पंधरा दिवस मिळाले असते तर जमलं असतं. आता सगळे आकडे समोर मांडल्यावर दिसतं ते असं, की 300 चादरी विकल्या गेल्या असत्या तर आम्ही जास्त मोठ्या अडचणीत सापडलो असतो आणि सोबत तुम्हीही.

आधी कमी का पडल्या ते सांगते, कारण तो भाग सोपा आहे. मोहिमेच्या आधी दोन महिने आम्ही ओळखीच्यांत, नातेवाइकांत, पुण्या-मुंबईच्या सोलापूरकरांत विचारत फिरलो, "अशी चादर मिळाली तर घ्याल का?" 640 जणांनी हो म्हटलं. त्यातले निम्मे जरी आले तरी 300 चादरी सहज जातील, असं धरून आम्ही लक्ष्य ठरवलं. नंतर फोन नंबर ताडून पाहिले, तर त्या 640 पैकी पैसे भरणारे निघाले 58. तुमच्यातले बाकीचे 85 जण कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेले, आम्हाला न ओळखणारे होते.

त्या 640 जणांना मी दोष देत नाही. "छान आहे, घेऊ की" हे आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला म्हणायचंच वाक्य आहे. चूक प्रश्नात होती. आम्ही मत विचारलं आणि ती मागणी समजलो. तेव्हाच प्रत्येकाकडून 100 रुपये इसार मागितला असता, तर खरा आकडा ऑगस्टमध्येच कळला असता आणि 300 चं लक्ष्य आम्ही ठेवलंच नसतं.

दिवसांचा हिशेबही तेच सांगतो. पहिल्या तीन दिवसांत 71 चादरी गेल्या, त्या बहुतेक आपल्याच माणसांच्या होत्या. पुढच्या तीन आठवड्यांत मिळून फक्त 49. शेवटच्या सहा दिवसांत पुन्हा 64. अशा मोहिमांत सुरुवात आणि शेवट चढा असतो, मधला काळ पडलेला असतो. पण आमचा मधला काळ दसऱ्यात आणि दिवाळीच्या खरेदीत गेला. घरोघरी कपडे, फराळ, बोनस कधी येतो याची वाट, अशा दिवसांत आम्ही जानेवारीच्या शेवटी मिळणाऱ्या चादरीचे पैसे मागत होतो. एका काकांनी लिहिलं होतं, "थंडी सरल्यावर चादर पाठवणार, तर पुढच्या थंडीलाच मागवतो की." त्यांना द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आता अवघड भाग, रंगांचा.

आम्ही सहा रंगजोड्या ठेवल्या होत्या. जितके रंग जास्त तितके गिऱ्हाईक जास्त, इतका साधा विचार. 184 चादरी अशा वाटल्या गेल्या: लाल-काळी 61, निळी-पांढरी 44, हिरवी-मोहरी 31, मरून 23, राखाडी 17 आणि जांभळी 8. स्क्रीनवर सहा छान चौकोन दिसत होते. मागावर मात्र रंग असा चौकोनात बसत नाही.

चादरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, आधी बीमवर गुंडाळले जातात. आमच्या चादरीला असे अडीच हजारांच्या आसपास धागे लागतात. चादर 90 इंचांची, सव्वादोन मीटरपेक्षा थोडी जास्त. विणताना ताणा आकसतो आणि दोन्ही टोकांच्या गोंड्यांसाठी धागे मोकळे सोडावे लागतात, म्हणून एका चादरीला अडीच मीटर ताणा धरायचा. 200 मीटरच्या बीममधून 80 चादरी निघतात. बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा रंग कांडी बदलून केव्हाही बदलता येतो. ताण्याचा रंग बदलायचा तर बीमच बदलावा लागतो, आणि नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याला सांधावा लागतो. तेवढा वेळ माग उभा राहतो, आणि माग उभा म्हणजे नगावर पैसे मिळणाऱ्या विणकराचा दिवस रिकामा.

आमच्या सहाही जोड्यांचा ताणा वेगळ्या रंगाचा होता. एकही रंग 80 पर्यंत पोहोचला नव्हता, लालसुद्धा नाही.

कमी लांबीचा बीम भरता येतो, ते खरं. पण सूत रंगवून आणायचं तर आमचा डाइंगवाला एका छटेचा 50 किलोच्या खालचा लॉट घेत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे, कारण पाणी, वाफ आणि मजुरी त्याला तेवढीच लागते. एका चादरीला नासधूस धरून 1.4 किलो सूत लागतं, त्यातलं निम्मं ताण्यात जातं. 300 चादरींची मागणी त्याच प्रमाणात आली असती असं धरलं, तर जांभळ्या 13 झाल्या असत्या. त्यांच्या ताण्याला लागलं असतं 9 किलो जांभळं सूत. उरलेलं 41 किलो रंगीत सूत 360 रुपये दराने जवळपास पावणेपंधरा हजारांचं होतं, आणि ते कारखान्याच्या कोपऱ्यात पडून राहिलं असतं. हा फक्त एका रंगाचा हिशेब आहे. राखाडी आणि मरूनचंही कमी-अधिक असंच झालं असतं.

मला सर्वांत जास्त टोचतं ते पुढचं. हे आम्हाला आधी सांगितलं गेलं होतं. नमुन्याची चादर मागावर होती तेव्हा मागावरच्या मास्तरांनी सहा रंगांचा कागद पाहिला आणि म्हणाले, "ताई, ताणा एकच ठेवा. रंग खेळवायचा तर बाण्यात खेळवा." मी हसून मान डोलावली आणि विषय सोडून दिला. आमच्या सगळ्या बैठका कारखानदारांशी, फोटो काढणाऱ्याशी आणि आपापसांत झाल्या. मास्तरांना आम्ही एकाही बैठकीला बोलावलं नाही. माझी आई वीस वर्षं अशाच एका कारखान्यात कांड्या भरायची, संध्याकाळी तिच्या केसांत सुताची पिंज असायची. तिला हा कागद दाखवला असता तर तिनेही हेच सांगितलं असतं. मी तिलाही विचारलं नाही.

आता किमतीचा हिशेब. 1150 रुपये आम्ही असे मांडले होते. रंगवलेलं सूत 504, विणकाम 150, बीम भरणं आणि सांधणं 40, नक्षीच्या पत्त्यांचा खर्च 300 चादरींवर वाटून 60, धुलाई-गोंडे-बांधणी 56. चादर तयार झाली 810 रुपयांत. कुरिअर 90. पैसे जमवणाऱ्या संकेतस्थळाचं शुल्क 5 टक्के, म्हणजे 58. जीएसटी 5 टक्के धरून 55. एकूण 1013. चादरीमागे 137 रुपये उरतात, 300 चादरींचे 41 हजार 100. त्यातून पुढचा बीम भरायचा, अशी स्वप्नं होती.

यातले दोन आकडे चुकीचे होते.

पहिला कराचा. आपल्या भागात चादर म्हटलं की 5 टक्के, असं तोंडावर बसलेलं आहे, कारण चाटी गल्लीत विकली जाणारी बहुतेक चादर हजाराच्या आत असते. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे नगाची किंमत हजाराच्या वर गेली की 12 टक्के लागत होते. 1150 मधून तो कर काढला तर 123 रुपये जातात. म्हणजे चादरीमागे 68 रुपये जास्त. (सुतावर भरलेला कर वळता होतो, म्हणून वरच्या सुताच्या दरात तो धरलेला नाही. हिशेब तपासणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.)

दुसरा कुरिअरचा. चादर 1300 ग्रॅमची, खोक्यासकट 1400, म्हणून आम्ही दीड किलोचा दर विचारला आणि त्यातही जवळच्या गावांचाच दर लिहून घेतला. कुरिअरवाले मात्र दोन वजनं पाहतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं, म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायचं. दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे. आमची घडी खोक्यात 38 बाय 32 बाय 10 होत होती. गुणाकार 12 हजार 160, भागाकार 2.43. अर्ध्या किलोच्या टप्प्याने ते अडीच किलोचं पार्सल झालं. चादर फुगीर असते, आणि तिच्यातल्या हवेचेही पैसे पडतात. सरासरी दर 175 रुपये निघाला, आमच्या अंदाजापेक्षा 85 जास्त.

68 आणि 85 मिळून 153. आमचे उरणार होते 137. म्हणजे प्रत्येक चादर पाठवताना 16 रुपये खिशातून गेले असते, 300 चादरींवर 4 हजार 800. त्यावर पडून राहिलेलं रंगीत सूत वेगळं. सगळे पैसे मिळाल्याचा आनंद साजरा करून, अर्ध्या चादरी विणून झाल्यावर, कधीतरी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास आम्हाला हे कळलं असतं. मग दोनच वाटा उरल्या असत्या, सूत हलकं वापरायचं किंवा विणकराचे पैसे थकवायचे. दोन्ही आम्ही केलं नसतं असं म्हणायला मला आवडेल. पण पैसे संपलेले असताना माणूस काय करतो हे मी या धंद्यात पाहिलेलं आहे, म्हणून छातीठोकपणे लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट. "हायवेवर साडेचारशेला सोलापुरी चादर मिळते, तुमची 1150 ला का?" हा प्रश्न निदान तीस जणांनी विचारला होता, आणि आम्ही दर वेळी वारसा, परंपरा, भौगोलिक मानांकन असं बोलत राहिलो. प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर हातात धरून दाखवता येण्यासारखं होतं. पंचविसाव्या दिवशी कुठे आम्हाला ते सुचलं. दोन्ही चादरी काट्यावर ठेवल्या. दोन्हींचा एकेक धागा काढून जाळला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे भुरभुरीत राख उरते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मग चादर उलटी करून दाखवली. जॅकार्डवर विणलेली नक्षी मागच्या बाजूला रंग उलटे होऊन तशीच दिसते, छापलेली असेल तर मागे फिकट डाग. हे दोन मिनिटांचं चित्रण टाकल्यानंतरच्या सहा दिवसांत 64 चादरी गेल्या. त्या चित्रणामुळे गेल्या असं मात्र मी म्हणणार नाही, कारण शेवटचे दिवस तसेही चढे असतात. पण त्यानंतर साडेचारशेचा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही, एवढं नक्की.

आमचे स्वतःचे 31 हजार 700 रुपये खर्च झाले. नक्षीचा ग्राफ आणि पत्ते 18 हजार, नमुन्यांच्या चादरी 9 हजार 200, फोटो 4 हजार 500. ते सहा जणांनी सारखे वाटून घेतले, तुमच्या पैशातून काही गेलेलं नाही. पत्ते दोरीत ओवून कारखान्यात टांगलेले आहेत. आडव्या प्रत्येक धाग्याला एक पत्ता असतो आणि ते पुन्हा पुन्हा चालतात. त्यांना उंदीर आणि ओल लागू नये म्हणून मास्तर अधूनमधून उतरवून उन्हात ठेवतात. ते कुणीही त्यांना सांगितलेलं नाही.

आता पुढचं. आम्ही पुन्हा करणार आहोत, पण फक्त एका बीमचं, म्हणजे 80 चादरींचं. ताणा सगळ्यांचा काळा. 80 चादरींच्या काळ्या ताण्याला 56 किलो सूत लागतं, म्हणजे डाइंगवाल्याचा एक लॉट पुरता भरतो आणि काही पडून राहत नाही. बाणा लाल किंवा पांढरा, या दोनच. हे दोन्ही रंग बाजारात तयार गठ्ठ्यांत मिळतात, त्यासाठी वेगळा लॉट लावावा लागत नाही. जांभळी चादर मागवलेल्या आठ जणांची मी मनापासून क्षमा मागते, ती या वेळी होणार नाही.

किंमत 1350 रुपये असेल, 200 ने जास्त. सूत 504, विणकाम 150 ऐवजी 180, एकाच लहान खेपेमुळे बीमचा खर्च 60, धुलाई-गोंडे-बांधणी 70, म्हणजे 814. पत्त्यांचे पैसे आम्ही सोसलेले आहेत, ते यात लावलेले नाहीत. घडी दाबून हवा काढलेल्या पिशवीत बसवली की खोकं 10 ऐवजी 6 सेंटिमीटर उंच होतं आणि आकारमानाचं वजन 1.46 किलोवर येतं. ते आम्ही यंदा तीन पार्सलं खरोखर पाठवून पाहिलं. तिन्ही दीड किलोतच धरली गेली, सरासरी 115 रुपये पडले. कराची मर्यादा 22 सप्टेंबर 2025 पासून नगाला 2500 रुपयांवर गेली आहे, त्यामुळे या वेळी 5 टक्केच, 64 रुपये. शुल्क 68. एकूण 1061. चादरीमागे 289 उरतात, 80 चादरींचे 23 हजार 120. ही रक्कम आधी खराब निघालेल्या चादरी बदलून देण्यासाठी राखून ठेवू. शेवटची चादर पोहोचून दोन महिने झाले की जे उरेल त्यातून पुढचा बीम भरू. आमचे 31 हजार त्यातून काढणार नाही.

हवा काढून दाबलेली चादर उघडल्यावर चुरगळलेली दिसेल. एक दिवस उन्हात टाकली की पुन्हा फुगते. हे पिशवीवर लिहू, तरी इथेही सांगून ठेवते.

मोहीम 15 जून 2026 ला सुरू होईल आणि चादरी नवरात्राच्या आधी हातात पडतील. मधे श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, पूर्व भागातले माग त्या दिवसांत बंद राहतात. मागच्या वेळी आम्ही वेळापत्रकात एकही सुट्टी धरली नव्हती, या वेळी ती धरलेली आहे. मे महिन्यात आम्ही 100 रुपये इसार घेऊ. 80 पैकी 50 इसार आले नाहीत तर मोहीम सुरूच करणार नाही, आणि इसार आठ दिवसांत परत करू. दर बैठकीला मास्तर असतील. त्या दिवसाची मजुरी आम्ही देणार आहोत, आणि रंग, बीम, तारखा यांत त्यांनी नाही म्हटलं तर ते नाहीच.

तुम्ही पुन्हा यावं असा आग्रह धरायचा हक्क मला नाही. आकडे तपासा. कुठे चुकत असेल तर मेच्या आधी कळवा, म्हणजे दुरुस्त करता येईल. ज्यांनी मागच्या वेळी पैसे भरले होते, त्यांना इसार न घेता जागा राखून ठेवायची असं आमच्यातल्या चौघांचं मत होतं. मी त्याला नाही म्हटलं, कारण त्याने पुन्हा तोच खोटा आकडा हातात येईल. तुमच्याकडूनही 100 रुपये घेणार आहोत, कृपया गैरसमज नसावा.

शेवटचं काम. 143 पैकी 141 जणांचे पैसे मागच्या डिसेंबरपर्यंत परत पोहोचले. दोघांचे खाते बंद झाल्यामुळे माघारी आले, एक 1150 आणि एक 2300. दोघांनाही फोन लागत नाही. ते पैसे वेगळे काढून ठेवलेले आहेत. 2024 च्या ऑक्टोबरात भरलेली रक्कम तुम्हाला परत मिळालेली नसेल, तर पावती क्रमांक आणि चालू खात्याचा तपशील कळवावा, त्याच दिवशी पाठवते.

आपली,
सहा जणांच्या वतीने हिशेब सांभाळणारी